शून्य डॉलर, उणे अठराशे चाळीस रुपये: बिलाच्या तारखेचा दर घ्यावा की महिन्याचा सरासरी?

डॉलर, पाउंड, युरो, दिरहम अशा चार चलनांत बिलं जाणाऱ्या कंपनीचा महिन्याचा उत्पन्नाचा रिपोर्ट आपोआप निघायला लागला की एक प्रश्न कुणीतरी विचारतंच: रुपये करताना दर कुठल्या दिवसाचा धरायचा? पर्याय सांगायला पाच-सहा निघतात. माझ्या मते विचार करण्यासारखे दोनच आहेत. एक, ज्या तारखेचं बिल त्या तारखेचा दर. दोन, त्या महिन्याचा सरासरी दर. मी दोन्ही वापरले आहेत. आम्ही नागपुरातल्या परसोडीच्या आयटी पार्कमधली छोटी सॉफ्टवेअर कंपनी, माझ्याकडे हिशेब आणि रिपोर्ट दोन्ही येतात, त्यामुळे दोन्ही बाजूंचं दुखणं माझ्याच डोक्यावर. तुमचं काम वेगळ्या पद्धतीचं असेल तर तुमचा कौलही वेगळा असू शकेल, हे आधीच मान्य करतो.

बाकीचे पर्याय आधी उरकून टाकू. पहिला म्हणजे रिपोर्ट ज्या दिवशी काढला त्या दिवशीचा दर. गूगल शीटमध्ये `=GOOGLEFINANCE("CURRENCY:USDINR")` असं लिहिलं आणि सगळे डॉलर त्या एका घराने गुणले की हा पर्याय आपोआप निवडला जातो, कुणी मुद्दाम निवडत नाही. यात एप्रिलचा आकडा एप्रिलमध्ये एक असतो आणि जूनमध्ये दुसरा. बंद झालेल्या महिन्याचं उत्पन्न हलतं म्हटल्यावर आमचे सीए एकच वाक्य बोलतात, "भाऊ, काहून बदलला हा आकडा?" आणि उत्तर कुणाकडेच नसतं. आज खिशात अंदाजे किती, एवढंच बघायला ही शीट ठीक आहे. तिला उत्पन्नाचा रिपोर्ट म्हणू नये.

दुसरा, महिनाअखेरचा दर. हा चुकीचा नाही, चुकीच्या ठिकाणी वापरला जातो. तो दर येणे रकमेसाठी आहे. ३० तारखेला गिऱ्हाइकाकडून जे डॉलर यायचे बाकी आहेत, त्यांची आजची किंमत त्या दराने लावायची आणि फरक विनिमय नफा-तोट्यात टाकायचा. उत्पन्न त्या दराला बांधलेलं नसतं.

तिसरा पर्याय मालक मंडळींचा आवडता: बँकेत जेवढे रुपये जमा झाले तेच उत्पन्न. ऐकायला रोखठोक वाटतं. पण त्या रकमेत बँकेचं मार्जिन आहे, मधल्या बँकेचे चार्जेस आहेत, आणि गिऱ्हाइकाने पैसे द्यायला लावलेल्या दीड महिन्यात डॉलर जिकडे गेला तो प्रकारही आहे. या तिन्ही गोष्टी विक्रीत मिसळल्या की विक्री वाढली की डॉलर वाढला, हे कुणालाच सांगता येत नाही.

राहिले दोन.

नियमाच्या बाजूने पाहिलं तर दोघांनाही जागा आहे. लहान कंपन्यांना लागू असलेलं हिशेबाचं मानक एएस ११ आणि मोठ्यांचं इंड एएस २१, दोन्हींचं मूळ म्हणणं सारखंच आहे: परकी चलनातला व्यवहार पहिल्यांदा नोंदवायचा तो व्यवहाराच्या तारखेच्या दराने. आणि दोन्ही पुढे सवलत देतात, की दरात मोठे हेलकावे नसतील तर आठवड्याचा किंवा महिन्याचा सरासरी दर जवळपासचा म्हणून चालेल. म्हणजे सरासरी ही चोरवाट नाही. २०२३ मध्ये डॉलर वर्षभर साधारण ८१ ते ८३ रुपयांच्या घरात फिरला. तशा वर्षात महिन्याची सरासरी आणि रोजचा दर यांत बहुतेक वेळा काही पैशांचाच फरक दिसतो. त्याउलट २०२२ मध्ये जानेवारीतला ७४ चा डॉलर ऑक्टोबरात ८२ च्या पुढे गेला. अशा वर्षात महिन्याच्या पहिल्या आठवड्यातलं बिल आणि शेवटच्या आठवड्यातलं बिल एकाच दराने मोजणं मला तरी पटत नाही. पण हेही खरं, की दोन्ही बाजूंचे फरक महिनाभरात बरेचसे एकमेकांना खाऊन टाकतात. एकूण विक्रीच्या आकड्यावरून भांडायचं झालं तर सरासरीवाल्याची बाजू लंगडी नाही.

माझं मत एकूण आकड्यावरून ठरलंच नाही. ते ठरलं गिऱ्हाइकवार रिपोर्टमधल्या एका ओळीवरून.

त्या ओळीत डॉलरच्या रकान्यात शून्य होतं आणि रुपयांच्या रकान्यात उणे १,८४०. प्रकार साधा होता. २४ एप्रिलला एका अमेरिकन गिऱ्हाइकाला ४,००० डॉलरचं बिल गेलं. काम पुढे ढकललं गेलं, म्हणून ६ मे रोजी पूर्ण रकमेची क्रेडिट नोट, म्हणजे बिल उलटवणारी नोंद, काढली. डॉलरमध्ये हिशेब चुकता. आता सरासरी पद्धतीने रुपये करा. समजण्यासाठी दर धरू: एप्रिलची सरासरी ८३.४०, मेची ८३.८६. बिलाचे झाले ३,३३,६००. क्रेडिट नोटचे झाले ३,३५,४४०. वजाबाकी उणे १,८४०. ज्या माणसाने आपल्याला एक डॉलर दिला नाही आणि ज्याला आपण एक डॉलर परत केला नाही, तो विक्रीत खड्डा पाडून बसलाय.

रक्कम किरकोळ आहे, मला मान्य. कुणी म्हणेल, एवढ्यासाठी काय पद्धत बदलायची? पण ही ओळ मिटत नाही. पुढच्या महिन्यात दुसरं गिऱ्हाईक तशीच ओळ घेऊन येतं, कधी अधिक, कधी उणे. वर्षअखेरीला ऑडिटच्या वेळी अशा ओळींची यादी होते आणि प्रत्येकीचा खुलासा मागितला जातो. खुलासा दरवेळी एकच, तो दरवेळी नव्याने लिहायचा. रिपोर्ट आपोआप निघतो खरा, पण त्याचं स्पष्टीकरण हातानेच द्यावं लागतं. मला वैताग आला तो याचा.

मग बिलाच्या तारखेच्या दराने हा प्रश्न सुटतो का? प्रामाणिकपणे सांगायचं तर आपोआप सुटत नाही. प्रोग्रामने क्रेडिट नोटलाही तिच्या स्वतःच्या तारखेचा, म्हणजे ६ मेचा दर लावला, तर तीच ओळ वेगळ्या रकमेने परत येते. क्रेडिट नोटने मूळ बिलाचा दर उचलायला हवा, कारण ती त्या बिलालाच उलटवते आहे. फरक इथे पडतो. बिलाच्या तारखेची पद्धत नीट बसवायची म्हणजे प्रत्येक बिलाच्या ओळीत दर, दराची तारीख आणि दर कुठून आणला हे तीन रकाने कायमचे लिहून ठेवायचे. ते असले की क्रेडिट नोटला फक्त मूळ बिल क्रमांकावरून दर उचलायचा असतो. सरासरी पद्धतीत दर महिन्याच्या तक्त्यात बसतो, बिलाच्या ओळीत नाही. तुम्ही म्हणाल, तिथेही मूळ बिलाच्या महिन्याचा सरासरी दर उचलता येईल. येतो की. पण मग तुम्ही प्रत्येक ओळीला तिचा दर चिकटवायलाच लागलात. एवढं केलंत तर त्या दिवसाचा खरा दरच का नाही चिकटवायचा?

हेच दुखणं मोठ्या अंगाने दिसतं ते अॅडव्हान्समध्ये. समजा लंडनच्या एका गिऱ्हाइकाने वर्षभराच्या मेंटेनन्सचे ६,००० पाउंड ३ एप्रिलला आगाऊ दिले आणि त्या दिवशी पाउंड १०५ चा होता. जमा झालेलं देणं ६,३०,००० रुपये. दर महिन्याला ५०० पाउंड उत्पन्नात घ्यायचे. सरासरीवर चालणारा रिपोर्ट काय करतो, तर प्रत्येक महिन्याचे ५०० पाउंड त्या त्या महिन्याच्या दराने गुणतो. वर्षभराची सरासरी १०८ पडली तर बारा महिन्यांचं उत्पन्न होतं ६,४८,०००. गिऱ्हाइकाने दिले ६,३०,००० चे पाउंड, आपण उत्पन्न दाखवलं ६,४८,०००. वर्षअखेरीला अॅडव्हान्सच्या लेजरमध्ये पाउंड शून्य आणि रुपये उणे १८,०००. पुन्हा तीच ओळ, फक्त दहापट जाड.

इथे नियम स्पष्ट आहे. परत द्यावा लागणार नाही असा अॅडव्हान्स म्हणजे सेवा देण्याचं बंधन, पैशातलं देणं नव्हे. म्हणून त्याची किंमत पुन्हा पुन्हा ठरवत नाहीत. इंड एएस २१ च्या परिशिष्ट ‘बी’ मध्ये हे १ एप्रिल २०१८ पासून लिहूनच ठेवलं आहे: अॅडव्हान्स ज्या तारखेला पहिल्यांदा नोंदवला, त्या तारखेचाच दर पुढच्या उत्पन्नाला. म्हणजे वरच्या उदाहरणात बाराही महिने ५२,५०० रुपये, पाउंड कुठेही जावो. आणि हेच काम महिना संपल्यावर दर महिन्याला बिल काढून केलं असतं, तर बारा बिलांचे बारा दर लागले असते. एकच सेवा, एकच गिऱ्हाईक, पण दराची तारीख बिलाच्या रचनेवरून ठरते. हे प्रोग्रामला कळावं म्हणून ओळीत दर गोठवून ठेवणं मला सगळ्यात सोपं वाटलं. महिन्याच्या तक्त्यातून हे साधायचं तर अॅडव्हान्सवाल्यांसाठी वेगळा अपवाद लिहावा लागतो, आणि अपवाद लिहिणारा नोकरी सोडून पुण्याला गेला की तो अपवाद कशासाठी होता हे कुणालाच आठवत नाही.

जीएसटीचंही एक कारण आहे, आणि आपल्याकडे ते हलकं नाही. सीजीएसटी नियमावलीतला नियम ३४ सेवांसाठी असं म्हणतो की दर हिशेबाच्या मान्य तत्त्वांप्रमाणे, पण सेवेच्या ‘टाइम ऑफ सप्लाय’च्या, म्हणजे कर ज्या दिवशी लागू होतो त्या तारखेचा. ती तारीख बहुतेक वेळा बिलाची, आणि अॅडव्हान्स आधी आला तर पैसे आल्याची. म्हणजे जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात निर्यातीचं बिल ज्या रुपयांनी जातं, ते आधीच तारखेच्या दराने ठरलेले असतात. उत्पन्नाचा रिपोर्ट सरासरीवर ठेवला तर दर महिन्याला दोन आकडे आणि त्यांच्यातला मेळ घालणारी तिसरी शीट. आमची निर्यात एलयूटीवर, म्हणजे कर न भरता हमीपत्रावर जाते, त्यामुळे करात फरक पडत नाही. पण रिफंडची फाइल लावताना आकडे जुळत नसले की विचारणा येते, आणि तेव्हा ‘तो सरासरीचा आहे साहेब’ हे सांगण्यात फारशी मजा नसते.

आता दुसरी बाजू. बिलाच्या तारखेचा दर म्हणजे काय, हे ऐकायला सोपं आणि बसवायला किचकट. सरासरीवाला इथे आरामात असतो, हे कबूल करायला हवं.

पहिली अडचण, त्या दिवशी दरच नसतो. आपल्याकडे डॉलर, पाउंड, युरो आणि येनचा रेफरन्स रेट जुलै २०१८ पासून एफबीआयएल ही मुंबईची संस्था काढते, कामाच्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास. शनिवार-रविवारी आणि सुटीला नाही. पण आपोआप बिल काढणारा प्रोग्राम रविवार पाळत नाही आणि १५ ऑगस्टही पाळत नाही. बरं, सुट्यांची यादीही आपली नसते. मारबतीच्या दिवशी आमचं अर्धं ऑफिस महाल-इतवारीत मिरवणूक बघायला गेलेलं असतं, पण तो मधला वार असेल तर मुंबईहून दर नेहमीसारखा येतो. त्यामुळे नियम असा करावा लागतो: बिलाच्या तारखेचा दर, तो नसेल तर त्याआधीचा शेवटचा. नंतरचा कधीच नाही. शनिवारच्या बिलाला सोमवारचा दर लावायचा ठरवलं, तर शनिवारी काढलेला रिपोर्ट अपुरा आणि मंगळवारी काढलेला वेगळा, म्हणजे पुन्हा हलणारा आकडा.

पोस्टग्रेसवर आमची क्वेरी साधारण अशी आहे:

```sql
SELECT i.invoice_no, i.amount, r.rate, r.rate_date
FROM invoices i
LEFT JOIN LATERAL (
  SELECT rate, rate_date
  FROM fx_rates
  WHERE currency = i.currency
    AND rate_date <= i.invoice_date
    AND rate_date >= i.invoice_date - 6
  ORDER BY rate_date DESC
  LIMIT 1
) r ON true;
```

यातल्या दोन गोष्टी लक्षात घ्या. `LEFT` हा शब्द काढलात तर ज्या बिलाला दर सापडला नाही ते बिल रिपोर्टमधून गुपचूप गायब होतं. रिपोर्ट चालतो, एररही येत नाही, विक्री कमी दिसते. `LEFT` ठेवला की ती ओळ दराच्या जागी रिकामी दिसते आणि कुणीतरी बघतं. दुसरी, मागे जायला सहा दिवसांची मर्यादा. दिवाळीतल्या सलग सुट्या शनिवार-रविवारला लागून आल्या तरी त्यात बसतात. मर्यादा नसेल आणि दर ओढून आणणारी जोडणी बंद पडली, तर तीन आठवडे जुना दर बिनबोभाट लागत राहतो. सहा हा आमचा आकडा, तुम्ही आठ ठेवा, पण काहीतरी ठेवा.

दुसरी अडचण वेळेची. रेट दुपारी येतो, बिलं सकाळपासून निघतात. बिल तयार होताक्षणी दर चिकटवलात, तर सकाळी अकराच्या बिलाला कालचा दर लागतो आणि चारच्या बिलाला आजचा. तारीख एक, दर दोन. म्हणून दर चिकटवण्याचं काम संध्याकाळी करायचं, आणि एकदा लावलेला दर पुन्हा लावायचा नाही. ज्यांना बिलावरच रुपयांची रक्कम छापायची असते त्यांना हे जमणार नाही. त्यांनी सरळ ‘आदल्या कामाच्या दिवसाचा दर’ असा नियम ठरवून सीएंची संमती घ्यावी आणि तोच पाळावा.

तिसरी अडचण घड्याळाची, आणि ती दोन्ही पद्धतींना आहे. पेमेंट गेटवे वेळ बहुधा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत देतात. न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकाने ३१ मार्चला दुपारी चारनंतर कार्ड घासलं, गेटवेत नोंद झाली ३१ मार्च २०:१०, आणि तेव्हा नागपुरात १ एप्रिलची पहाट, एक वाजून चाळीस मिनिटं. यूटीसीची तारीख तशीच उचलली तर दर आदल्या दिवसाचा लागतोच, शिवाय उत्पन्न आदल्या आर्थिक वर्षात जातं. आपण साडेपाच तास पुढे असल्यामुळे यूटीसी संध्याकाळी साडेसहा ते मध्यरात्र या पट्ट्यातला प्रत्येक व्यवहार असा घसरतो, आणि अमेरिकन गिऱ्हाइकांची दुपार नेमकी त्याच पट्ट्यात येते. वेळेचा रकाना `timestamptz` असेल तर तारीख काढण्याआधी `AT TIME ZONE 'Asia/Kolkata'` लावलं की हे मिटतं. सरासरी पद्धतीत ही चूक महिन्याच्या पहिल्या-शेवटच्या रात्रीच दिसते, रोजच्या पद्धतीत रोज. म्हणून सरासरीवाल्यांना ती उशिरा कळते. हा त्यांचा फायदा म्हणायचा की तोटा, तुम्हीच ठरवा.

चलनांच्याही खोड्या आहेत. येनचा रेफरन्स रेट शंभर येनला असतो. तो एका येनचा समजून गुणला तर जपानी गिऱ्हाईक अचानक कंपनीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं. ही चूक निदान डोळ्यात भरते. दिरहमचं वेगळं. तो डॉलरला ३.६७२५ च्या दराने बांधलेला आहे, म्हणून आम्ही त्याचा वेगळा दर शोधत नाही. त्या तारखेच्या डॉलरच्या दराला ३.६७२५ ने भागतो आणि दराच्या उगमाच्या रकान्यात तसं लिहितो. युरोचा दर कुणी युरोपियन सेंट्रल बँकेकडून घेतो, कारण तो फुकट आणि सोप्या फाइलमध्ये मिळतो. हरकत नाही, पण तो मध्य युरोपच्या दुपारी चारच्या सुमारास येतो, म्हणजे आपल्या संध्याकाळी, आणि त्यांच्या सुट्यांप्रमाणे. डॉलर एफबीआयएलचा आणि युरो तिकडचा, असं एकाच रिपोर्टमध्ये करायचं असेल तर निदान उगमाचा रकाना रिकामा सोडू नका.

एवढं सगळं करण्यापेक्षा सरासरी बरी, असं वाटलं असेल तर तुम्ही चुकताय असं मी म्हणणार नाही. दोन जागी तर मी स्वतः सरासरीच घेईन. एक, महिन्याला हजारो छोटी-छोटी सबस्क्रिप्शन्स येतात आणि कुणी एका ओळीकडे बघत नाही. दोन, दुबईत तुमची वेगळी कंपनी आहे, तिचा हिशेब दिरहममध्येच चालतो आणि वर्षअखेरीला तो नागपूरच्या हिशेबात मिळवायचा आहे. तिथे उत्पन्न-खर्चाला सरासरी दर हीच रूढ पद्धत आहे. फक्त सरासरी म्हणजे कशाची, हे लिहून ठेवा. जाहीर झालेल्या दिवसांची, की शुक्रवारचा दर शनिवार-रविवारी मोजून सगळ्या तिसांची? दोन्हींची उत्तरं वेगळी येतात. आणि महिना संपेपर्यंत सरासरी तयार नसते, हेही विसरू नका. २० तारखेला मालकाने रिपोर्ट मागितला तर तुम्ही वीस दिवसांची सरासरी देता, आणि १ तारखेला मागचे सगळे आकडे हलतात. आमचे मालक २० तारखेला रिपोर्ट मागणाऱ्यांपैकी आहेत.

वाढ खरी की डॉलरची, हे बघायला मात्र यातली कुठलीच पद्धत पुरत नाही. त्यासाठी दोन्ही वर्षांचे डॉलर एकाच ठरावीक दराने गुणून वेगळा तक्ता काढावा लागतो. तो आम्ही काढतो, पण त्याच्या डोक्यावर ‘तुलनेसाठी, हिशेबासाठी नाही’ असं ठळक लिहिलेलं असतं.

कुठलीही पद्धत घेतलीत तरी तीन तपासण्या दर महिन्याला लावून ठेवा. गिऱ्हाइकवार बेरजेत परकी चलन शून्य आणि रुपये शून्य नाहीत, अशा ओळी शोधा. रुपये भागिले परकी रक्कम करून निघणारा दर त्या चलनाच्या नेहमीच्या पट्ट्याबाहेर जातो का, ते पाहा. येनची आणि उलट्या भागाकाराची चूक इथेच सापडते. आणि बंद झालेला मागचा महिना पुन्हा चालवून जुन्या आकड्याशी ताडून बघा. फरक आला तर कुठेतरी अजून चालू दर लपलेला आहे. बिलाच्या तारखेच्या पद्धतीत, क्रेडिट नोट आणि अॅडव्हान्स नीट बांधलेले असतील तर, या तिन्ही याद्या रिकाम्या येणं अपेक्षित असतं. सरासरीत पहिली यादी बहुतेक वेळा भरलेलीच येते, आणि मग त्यातल्या कुठल्या ओळी चालतील याचीही यादी ठेवावी लागते.

बदलायचं ठरवलंत तर १ एप्रिलपासून बदला. चालू वर्षाच्या मध्येच दर भरायचे झाले तर वर्षाच्या पहिल्या बिलापासून मागे जाऊन सगळ्या ओळींना त्यांच्या तारखेचे दर लावा, अर्धं वर्ष एका पद्धतीने आणि अर्धं दुसऱ्या असं ठेवू नका. ऑडिट झालेल्या वर्षांना हात लावू नका. पण त्या वर्षातली जी बिलं अजून येणे आहेत, त्यांच्या ओळीत जुना दर लिहून ठेवा, कारण त्यातल्या एखाद्याची क्रेडिट नोट जूनमध्ये येऊ शकते.